फर्स्ट शिफ्टचा नाश्ता डब्यातून: मिल रिप्लेसमेंट शेक कधी घ्यायचा, कसा घ्यायचा आणि कधी सरळ पोळी-भाजी खायची

माझा भाचा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. राहायला पंचवटीत, कंपनीची बस द्वारकेवर सव्वासहाला. मागच्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला तो हातात पावडरचा डबा घेऊनच. म्हणाला, "मावशी, महिना झाला रोज हा शेक पितोय. वजन कमी व्हायचं सोडून दीड किलोनं वाढलं. डबा डुप्लिकेट आहे का बघ ना जरा."

मी आहारसल्ल्याचं काम करते, त्यामुळे असे डबे माझ्या टेबलावर नेहमी येतात. त्याच्या डब्यात काही खोट नव्हती. घोळ त्याच्या वापरण्यात होता, आणि तो घोळ इतक्या जणांचा होतो की एकदा सविस्तर लिहून काढावं असं वाटलं. ज्यांनी अजून पहिला डबा विकत घेतलेला नाही, त्यांच्यासाठी हे जास्त आहे.

आधी तुमचं नेमकं कोणतं जेवण बुडतंय ते शोधा

मिल रिप्लेसमेंट म्हणजे एका जेवणाच्या जागी घ्यायचं पेय. "जागी" हा शब्द महत्त्वाचा. म्हणून डबा घेण्याआधी आठवडाभर एक साधी नोंद करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, यांपैकी काय बुडालं आणि त्याच्या बदल्यात तुम्ही काय खाल्लं. मोबाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.

भाच्याला मी त्याच्या मागच्या तीन आठवड्यांचं आठवायला लावलं. त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्टला सात ते तीन, सेकंडला तीन ते अकरा, थर्डला रात्री अकरा ते सकाळी सात. फर्स्टच्या आठवड्यात सकाळी पावणेसहाला त्याच्या घशाखाली चहा-खारीपलीकडे काही उतरत नाही. मग साडेनऊच्या चहाच्या सुट्टीत गेटबाहेरच्या गाडीवर दोन वडापाव. साडेअकराला कॅन्टीनचं जेवण, पण वडापावामुळे ते अर्धवट. सेकंडच्या आठवड्यात तो साडेआठला उठतो, माझी बहीण, म्हणजे त्याची आई, समोर पोहे नाहीतर थालीपीठ ठेवते, बारा वाजता घरचं जेवण होतं. थर्डला घरी येऊन पोटभर खाऊन झोपतो.

म्हणजे त्याचं जेवण बुडत होतं ते तीन आठवड्यांतून फक्त एका आठवड्यात, आणि तेही सकाळचं. शेक मात्र तो रोज पीत होता, आणि दोनदा पीत होता.

हा शोध घेतला की निम्म्या लोकांना डब्याची गरजच राहत नाही, असा माझा अनुभव आहे. कुणाचं दुपारचं जेवण बुडत नसतं, फक्त दोनचं साडेतीन होत असतं. त्याला दीड वाजता मूठभर फुटाणे पुरतात. कुणाला रात्री स्वयंपाकाचा कंटाळा असतो. तिथे मुगाच्या खिचडीचा कुकर वीस मिनिटांत होतो आणि शेकरचं झाकण घासण्यापेक्षा कुकर घासणं सोपं असतं, हे मी शपथेवर सांगेन. शेक उपयोगी पडतो तो एका विशिष्ट ठिकाणी: जिथे खायला बसता येत नाही, किंवा इतक्या लवकर खावंसं वाटत नाही, आणि नाही खाल्लं तर दोन तासांनी समोर तळलेलंच येणार आहे. फर्स्ट शिफ्ट, नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस पकडणारे पासधारक, सिन्नर-गोंद्याकडे लवकर निघणारे सेल्सवाले, ही ती मंडळी.

दुकानात गेल्यावर: सगळ्या पावडरी एक नसतात

एकाच फळीवर तीन-चार वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दुकानदार सगळ्यांना "प्रोटीन पावडर"च म्हणतो. व्हे प्रोटीन हे जेवण नाही. त्याच्या एका स्कूपमध्ये साधारण १२० कॅलरी आणि २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात. पिष्ट, स्निग्ध, तंतू जवळपास नसतातच, जीवनसत्त्वंही बहुतेकदा घातलेली नसतात. ते वरणात घातलेल्या तुपासारखं आहे, जेवणाला जोड म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही. मास गेनरमध्ये ढीगभर पिष्ट असतं, ते वजन वाढवायला. दुधात घालायच्या चॉकलेटी माल्ट पावडरी म्हणजे मुख्यतः धान्य आणि साखर. "हेल्थ ड्रिंक" हा शब्द ज्यावर छापलेला दिसेल त्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा, की २००६ च्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी काही व्याख्याच नाही.

जेवणाच्या जागी चालेल अशा पावडरमध्ये प्रथिनं, पिष्ट, स्निग्ध, तंतू आणि जीवनसत्त्वं-खनिजं असं सगळं असायला हवं. वजन उतरवण्यासाठी जेवणाऐवजी घ्यायच्या अशा पदार्थांना 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात एक चौकट आखून दिली आहे: एका जेवणाला २०० ते ४०० कॅलरी, आणि त्यांतल्या किमान पाव कॅलरी प्रथिनांतून. एक ग्रॅम प्रथिनांतून ४ कॅलरी मिळतात, म्हणजे ३५० कॅलरीच्या शेकमध्ये २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. दुकानात उभं राहून एवढा गुणाकार जमतो.

डबा उलटा करा आणि मागचं वाचा

भाच्याच्या डब्यावर पुढे ठळक अक्षरात लिहिलं होतं: प्रत्येक पेल्यात २४ ग्रॅम प्रोटीन. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅम पावडरमागे ३८० कॅलरी, ३१ ग्रॅम प्रथिनं, ८ ग्रॅम तंतू. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात: एक सर्व्हिंग म्हणजे २ स्कूप, ५२ ग्रॅम, २५० मिली टोन्ड दुधात.

आता हिशेब मांडू. ५२ ग्रॅम पावडरमधून १९८ कॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिनं. २५० मिली टोन्ड दुधातून साधारण १४५ कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं. एकूण ३४३ कॅलरी, २४ ग्रॅम. पुढे छापलेला आकडा खरा होता, पण त्यातला तिसरा हिस्सा गवळ्याकडचा होता, डब्यातला नव्हे.

मी विचारलं, "तू कसा करत होतास?"

"सकाळी घाई असते ना मावशी. एक स्कूप, पाण्यात."

एक स्कूप पाण्यात म्हणजे ९९ कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं. एका मध्यम पोळीइतकी ऊर्जा आणि सव्वा अंड्याइतकी प्रथिनं. ज्याला सात वाजल्यापासून मशीनपाशी उभं राहायचंय त्याला साडेनऊला भूक लागणार नाही तर काय होणार? दोन वडापाव जसेच्या तसे चालू राहिले, त्यांच्या साडेपाचशे ते सहाशे कॅलरीही. आणि वर रात्री जेवण झाल्यावर, "याने वजन उतरतं" म्हणून, दुसरा पेला: तोच एक स्कूप, पण सवड असल्यामुळे फुल क्रीम दुधात, केळं आणि चमचाभर मध घालून. तो पेला साडेचारशेच्या वर जात होता. म्हणजे जिथे जेवणाएवढा हवा होता तिथे शेक पाणचट, आणि जिथे जेवण आधीच झालं होतं तिथे भरगच्च. दीड किलो कुठून आलं ते शोधायला अजून कुठे जायची गरज नव्हती.

मागच्या बाजूला आणखी दोन गोष्टी बघायच्या. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, म्हणून पहिली तीन नावं वाचा. दूध पावडर, सोया किंवा वाटाण्याचं प्रोटीन, ओट्स अशी सुरुवात असेल तर ठीक. पहिल्या क्रमांकावर माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर डबा परत फळीवर ठेवा. हे पिठूळ चवीचं, गोड न लागणारं पिष्ट आहे. तक्त्यात ते साखरेच्या ओळीत धरलं जात नाही, पण रक्तातली साखर मात्र साखरेसारखीच पटकन वाढवतं. म्हणून "अ‍ॅडेड शुगर ०" या शिक्क्यावर विसंबू नका. दुसरं, १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि एक्स्पायरीची तारीख. डिस्काउंटमधले डबे बहुतेक वेळा तारीख जवळ आल्यामुळेच डिस्काउंटमध्ये असतात. तुम्हाला तीन आठवड्यांतून एकदाच लागणार असेल तर तो संपायच्या आधी तारीख संपेल.

किमतीचा हिशेबही इथेच करून टाका. त्याचा एक किलोचा डबा १,८५० रुपयांचा. ५२ ग्रॅमने १९ पेले होतात, म्हणजे पेल्याला ९७ रुपये, वर दुधाचे पंधरा. एका नाश्त्याला ११२ रुपये. रोज घेतला तर महिन्याला तीन हजारांच्या वर. फक्त फर्स्ट शिफ्टच्या सहा दिवसांना घेतला तर तोच डबा नऊ आठवडे पुरतो. त्याचा चेहरा या वाक्याला पहिल्यांदा खुलला.

बनवणं आणि पिणं

शेकरमध्ये आधी दूध, मग पावडर. उलट केलंत की तळाला गोळा बसतो आणि ज्या पावडरचे पैसे दिलेत ती नळाखाली वाहून जाते. पहिल्या वेळी स्कूप किचनच्या वजनकाट्यावर मोजून बघा. स्कूप सपाट भरला आणि शिगोशीग भरला यात सहज पाच-सात ग्रॅमचा फरक पडतो.

वेळ अशी ठरवली: रात्री तापवून गार केलेलं दूध फ्रिजमध्ये. सकाळी सहाला शेकरमध्ये ओतून, दोन स्कूप घालून हलवायचं आणि बसमध्ये बसल्यावर घोट-घोट करत अंबडला पोहोचेपर्यंत संपवायचं, साधारण वीस-पंचवीस मिनिटांत. एका दमात ढोसायचा नाही. पातळ अन्न पोटातून लवकर पुढे सरकतं, चावणं नसल्यामुळे "खाल्लं" ही जाणीवही कमी होते. सावकाश प्यायल्याने ती थोडी भरून निघते. याच कारणासाठी साडेनऊच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे खिशात ठेवायला सांगितले, जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची वाटी. दाताला काम मिळालं की वडापावच्या गाडीकडे पाय कमी वळतात.

कालवलेला शेक नंतर प्यायचा म्हणून बॅगेत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये नाशिकला चाळिशी गाठली जाते, आणि दुधात कालवलेली पावडर म्हणजे जिवाणूंना पंगतच. उशिरा प्यायचा असेल तर कोरडी पावडर स्टीलच्या डबीत न्या आणि २०० मिलीचा दुधाचा टेट्रा पॅक बरोबर ठेवा. पिऊन झालं की शेकर तिथल्या तिथे पाण्याने खंगाळा, झाकणाची रबरी रिंग काढून. भाच्याने एकदा शनिवारी दुपारी बॅगेत टाकलेला शेकर सोमवारी उघडला होता. बहिणीने तो धुवायलाही नकार दिला, सरळ कचऱ्यात.

पावसाळ्यात आणखी एक. ओला चमचा किंवा ओला हात डब्यात गेला की पावडरला गुठळ्या धरतात. कोरड्या, फोडल्यावर भुगा होणाऱ्या गुठळ्या चालतात. चिकट, कुबट वासाच्या किंवा रंग बदललेल्या दिसल्या तर डबा टाकून द्या, हजार रुपयांचा असला तरी.

पहिल्या चार-पाच दिवसांत पोट फुगणं, गुडगुडणं हे बऱ्याच जणांना होतं. कारण सहसा दोनांपैकी एक: दुधातलं लॅक्टोज, किंवा तंतू म्हणून घातलेलं इन्युलिन. तीन दिवस अर्धं प्रमाण घ्या, बाकीची भूक केळं-अंड्यावर भागवा, मग पूर्ण प्रमाणावर या. साधं दूध प्यायलं तरी असंच होत असेल तर लॅक्टोज दोषी आहे. सोया किंवा वाटाणा प्रोटीनचा शेक सोया दुधात करून बघा. दूध चालतंय आणि तरीही दहा दिवसांनंतर त्रास कायम असेल तर ती पावडर तुमची नाही.

जमतंय की नाही हे कसं कळेल

माझी कसोटी साधी आहे. शेक प्यायल्यानंतर चार तास तुम्ही मूठभर फुटाण्यांवर निभावलात, आणि पुढचं जेवण नेहमीएवढंच जेवलात, तर शेकने जेवणाची जागा घेतली. अडीच तासांत हात थरथरले, चिडचिड झाली, समोर दिसेल ते खाल्लं, तर पेला कमी पडतोय: स्कूप, दूध आणि वेळ पुन्हा तपासा. पुढच्या जेवणाला दुप्पट जेवलात, तर सकाळी वाचवलेलं दुपारी परत आलं.

भाच्याचे पहिले दोन दिवस दहा वाजता पोटात कावळे ओरडले. मग आम्ही शेकमध्ये दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट वाढवलं. तिसऱ्या दिवशी साडेअकराला तो कॅन्टीनमध्ये गेला आणि पोळ्या, वरण-भात, उसळ नीट जेवला. महिनाभरात अशा फर्स्टच्या दोन फेऱ्या झाल्या, रात्रीचा पेला बंद झाला, आणि वाढलेला दीड किलो आला तसा गेला. त्याहून जास्त काही उतरलं नाही, आणि उतरेल असं मी सांगितलंही नव्हतं. शेकने वजन उतरतं ते मोजून-मापून कमी कॅलरी पोटात जातात म्हणून. पावडरमध्ये दुसरी काही जादू नसते, आणि जुना नाश्ता परत आला की वजनही परत येतं.

घरचा पेला

डबा संपत आल्यावर त्याने विचारलं, की हे घरी नाही का होणार? होतं. २५० मिली टोन्ड दूध, ३० ग्रॅम फुटाण्याचं पीठ, १५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, एक लहान केळं, चिमूटभर वेलची. मिक्सरमध्ये एक मिनिट. साधारण सव्वाचारशे कॅलरी, १९-२० ग्रॅम प्रथिनं, सात-आठ ग्रॅम तंतू, आणि खर्च तीस रुपयांच्या आत. फुटाण्याचं पीठ रविवारी सालासकट दळून बरणीत भरून ठेवायचं. सालं पाखडून टाकू नका, तंतू त्यातच आहेत. बेसन वापरू नका, ते कच्चं असतं आणि पोट धरतं.

याची तुलना डब्याशी प्रामाणिकपणे करायची तर: प्रथिनांत घरचा पेला थोडा मागे, तंतूत पुढे. डब्यात बी-१२, डी, लोह वगैरे मोजून घातलेलं असतं, घरच्यात ते मोजून मिळत नाही. पण तुम्ही दिवसातली बाकीची दोन जेवणं नीट जेवत असाल तर एका नाश्त्यातून सगळी जीवनसत्त्वं यायलाच हवीत असं काही नाही. डब्याचा खरा फायदा एकच, मिक्सर लावावा लागत नाही. पहाटे पावणेसहाला, शेजारी झोपलेली पोरं आणि भिंतीपलीकडचे शेजारी लक्षात घेता, तो फायदा लहान नाही. भाच्याने यावर तोडगा काढला: शेंगदाण्याचं कूट आणि फुटाण्याचं पीठ आधीच एकत्र करून ठेवतो, सकाळी दुधात घालून शेकरमध्ये हलवतो आणि केळं वेगळं चावून खातो. थोडं रवाळ लागतं. त्याचं म्हणणं, सवय होते.

आमच्या भागातला आणखी एक पर्याय नागलीचा आहे. पेठ, सुरगाण्याकडची नागली नाशिकच्या बाजारात सहज मिळते. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, बाकी कुठल्याही धान्यात एवढं नसतं. प्रथिनं मात्र सातच ग्रॅमच्या घरात. म्हणून नुसती नागलीची आंबील हे जेवण होत नाही. ती ताकात करून बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मोडाची मटकी घेतलीत तर उत्तम नाश्ता होतो.

जिथे ताटच बरं

सेकंड आणि थर्ड शिफ्टच्या आठवड्यात भाच्याला मी डबा कपाटात ठेवायला लावला. घरात थालीपीठ-दही समोर असताना शेक पिणं म्हणजे विहिरीकाठी बसून पाण्याची बाटली विकत घेणं. पोळी, पालेभाजी, उसळ, कांदा-काकडी, ताक यातून तंतू येतात, वेगवेगळ्या भाज्यांतून वेगवेगळी खनिजं येतात, चावणं होतं, आणि पोट भरल्याचं डोक्याला कळायला जो वेळ लागतो तो मिळतो. प्रौढ माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू हवेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाच्याच्या डब्यातल्या पूर्ण पेल्यात चारच होते. दिवसाची दोन जेवणं शेकवर काढणाऱ्यांची बद्धकोष्ठाची तक्रार इथूनच सुरू होते.

रात्रीचं जेवण तर शेकवर काढूच नका असं मी सांगते. शिफ्टमधल्या माणसाला घरच्यांबरोबर बसायला मिळणारं दिवसातलं ते एकच ताट असतं. आणि रविवारची मिसळ खा. तिचा शेकशी काही संबंध नाही, रस्सा दोनदा मागवण्याऐवजी एकदा मागवा इतकंच.

प्रथिनांसाठी शेक लागतोच असंही नाही. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६८ किलोच्या माझ्या भाच्याला ५६-५७ ग्रॅम. दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर उसळ, दोन पेले दूध आणि पोळ्या-भात यांत ती गाठता येतात. याच संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट घेणं टाळा असंही सांगितलं आहे.

डबा उघडण्याआधी डॉक्टरांना कुणी विचारायचं

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने जेवण बदलू नका. गोळीचा डोस तुमच्या नेहमीच्या जेवणाला बेतलेला असतो. त्या जागी शंभर-दोनशे कॅलरीचा पेला आला तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासाचं नाव सांगून बरेच जण येतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या शेकवर राहिलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा टाइप-२ मधुमेह वर्षाअखेर औषधांशिवाय आटोक्यात होता. हे खरं आहे. पण त्या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, कुणीही इन्सुलिनवर नव्हतं, आणि त्यांची मधुमेहाची व रक्तदाबाची औषधं पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती. औषधं तशीच चालू ठेवून घरी हा प्रयोग करणं म्हणजे स्वतःला दवाखान्यात पोहोचवणं.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं, पोटॅशियम, फॉस्फरस तिन्ही मोजावं लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं यांनी जेवणाऐवजी शेक घेऊ नये. रक्त पातळ राहण्यासाठी वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकूमरॉल चालू असलेल्यांनी डब्यावर व्हिटॅमिन के बघून डॉक्टरांना दाखवावं. कारण नसताना वजन उतरतंय म्हणून कुणी आजोबा शेक सुरू करत असतील, तर आधी तपासण्या, मग शेक.

थायरॉइडची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती सहज नजरेतून सुटते. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. वर्षानुवर्षं थायरॉइडच्या गोळीच्या एकाच डोसवर रक्ततपासणीतला टीएसएच नीट, आणि अचानक तो वाढलेला, म्हणजे गोळी कमी पडतेय. गोळी चुकवली नव्हती. साडेपाचला उठल्या उठल्या गोळी, मग सातच्या पुढे गाडीत बसल्यावर शेक. पूर्वी त्या जागी चिवडा नाहीतर दशमी असायची, तेव्हा दीड तासाचं अंतर पुरत होतं. पण शेकमध्ये कॅल्शियम आणि लोह भरपूर घातलेलं असतं, बऱ्याचदा सोयाही, आणि तिन्ही या गोळीचं शोषण कमी करतात. कॅल्शियम-लोहापासून गोळी चार तास लांब ठेवावी लागते. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी रात्री, जेवणानंतर तीन-साडेतीन तासांनी झोपताना घ्यायला सांगितली, आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासला. तो उतरला होता. ताईंनी शेक मात्र आठवड्यातून दोनच दिवसांवर आणला. उरलेल्या दिवशी डब्यात दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन उकडलेली अंडी असतात. अंडी सोलायला इगतपुरीच्या थांब्याची वाट बघते, म्हणाल्या, सालं खिडकीबाहेर टाकायची नाहीत म्हणून पिशवीही बरोबर असते.